कोकणातील भातमळे, बाहेर पडलेले तरुण आणि मागे राहिलेले वयस्कर शेतकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामीण समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘तरुणांचे शेतीतून बाहेर पडणे’ हा निबंधाचा नेहमीचा विषय आहे. कोकण किनाऱ्यावरील विद्यार्थी तो लिहायला घेतात तेव्हा त्यांच्या मनात जवळपास सारखेच प्रश्न असतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील भातशेतीची आहेत, कारण शेतीतील मनुष्यबळाचे वय वाढल्याचे परिणाम तेथे सर्वांत स्पष्ट दिसतात.

निबंधाची सुरुवात कोठून करावी?

जुलै महिन्यातील मळ्यापासून करावी. बहुतेक निबंध ‘तरुणांना शेतीत रस उरलेला नाही’ या वाक्याने सुरू होतात आणि पुढे तेच वाक्य निरनिराळ्या शब्दांत सांगत राहतात. रस आहे की नाही हे मोजता येत नाही. लावणीच्या दिवशी कुणग्यात, म्हणजे मळ्यातील बांधांनी आखलेल्या भाताच्या तुकड्यात, किती माणसे वाकलेली आहेत, त्यांची वये काय आहेत आणि शेजारचे किती कुणगे त्या दिवशी रिकामे आहेत, हे मात्र मोजता येते.

मालवण तालुक्यातील एका वाडीत मी अशीच एकदा लावणीच्या दिवसांत गेलो होतो. मळ्याच्या वरच्या अंगाला एक सत्तरी ओलांडलेली काकी तरव्याच्या, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या भातरोपांच्या, मुठी बांधत बसली होती. डोक्यावर पूर्वीसारखे इरले नव्हते. खताच्या पिशवीचे प्लास्टिक खोचलेले होते. प्रत्येक मूठ ती गुडघ्यावर आपटून मुळांची माती झाडत होती आणि शेजारी रचून ठेवत होती. मी जवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, “झिला, तरवो तयार झालो, पण लावतलो कोण?” तिच्या घरचे सातबाऱ्यावरचे क्षेत्र कमी झालेले नव्हते, पाऊसही वेळेवर आला होता, बियाणे चांगले होते. नव्हते ते फक्त तीन-चार दिवसांसाठी लागणारे हात. कोकणातील हा प्रश्न नेमका त्या तीन-चार दिवसांचा आहे असे माझे मत आहे, आणि पुढील उत्तरे त्याच धाग्याने लिहिली आहेत.

कोकणातील तरुण शेती केव्हापासून सोडू लागले?

ही अलीकडची गोष्ट नाही, आणि हे समजून न घेता लिहिलेला निबंध पहिल्याच पानावर चुकतो. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून जुना रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, हा गिरणी कामगार पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या प्रदेशांपैकी एक होता. (सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला.) जमीन तुकड्यातुकड्यांची, पीक प्रामुख्याने एकाच पावसाळ्याचे, आणि खोती पद्धतीत कुळाच्या पिकाचा मोठा हिस्सा गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताकडे जाणारा. ‘अर्धेल’ आणि ‘तिर्धेल’ हे जुन्या कागदपत्रांतील शब्दच सांगतात की पिकाचा निम्मा किंवा तिसरा भाग द्यावा लागत असे. त्यामुळे घरातील एक-दोन पुरुषांनी मुंबईला जाणे आणि मनीऑर्डरवर घर चालवणे ही कित्येक पिढ्यांची रीत होती.

मात्र तेव्हाचे जाणे आणि आताचे जाणे यांत फरक आहे. तेव्हा पुरुष जात असे, पण बायको, मुले, आईवडील आणि बैल गावीच राहत. मुंबईतील खोलीत दहा-पंधरा जण आळीपाळीने झोपत असल्यामुळे कुटुंब नेण्याची सोयच नव्हती. गिरणीतून रजा घेऊन माणूस गरजेच्या वेळी गावी येई, आणि नोकरी संपली की परत येई. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती व्यवस्था मोडली. पुढच्या पिढीला लहान कारखाने, कुरिअर, सुरक्षारक्षकाची नोकरी, दुकाने, रिक्षा अशी कामे मिळाली. ही पिढी विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली येथे बायकामुलांसह राहू लागली. पूर्वी घरातून एक माणूस जात असे, आता घरच जाते. शेतीच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

जनगणनेच्या आकड्यांतून काय कळते आणि काय कळत नाही?

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती. 2001 मध्ये ती 16,96,777 होती. सिंधुदुर्गातही ती 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली. त्याच जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. सिंधुदुर्गात 1036 आणि रत्नागिरीत 1122 होत्या. रत्नागिरीचा आकडा वाचून तेथे मुलींचा सन्मान अधिक आहे असा निष्कर्ष काढलेला मी विद्यार्थ्यांच्या वहीत पाहिला आहे. कामाच्या वयाचे पुरुष गावात नाहीत, हा त्या आकड्याचा मुख्य अर्थ आहे.

आकडे येथपर्यंत उपयोगी पडतात. यापुढे सावधपणा हवा, कारण जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम केलेल्यालाच मुख्य कामगार मानतात. केवळ पावसाळी भात करणारी स्त्री प्रत्यक्ष शेतात उभी राहते त्या दिवसांची बेरीज केली तर ती सहसा या व्याख्येत बसत नाही. ती ‘सीमांतिक कामगार’ ठरते किंवा नुसती घरकाम करणारी म्हणून नोंदवली जाते. उलट वर्षभर पेन्शनवर जगणारे आणि जून ते ऑक्टोबर शेती पाहणारे तिचे यजमान विचारल्यावर आपला व्यवसाय ‘शेती’ सांगतात. म्हणजे आकड्यांत शेतकरी जितका पुरुष आणि जितका वृद्ध दिसतो त्याहून वास्तव वेगळे असू शकते. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे जुन्या आकड्यांवर ‘आजची स्थिती’ असे शीर्षक देऊ नये.

सातबाऱ्यावरून शेतकऱ्यांचे सरासरी वय काढता येईल का?

येणार नाही. सातबारा जमिनीवर हक्क कोणाचा हे सांगतो, कुणग्यात कोण उतरतो हे सांगत नाही. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात. त्यांतील काही माणसे मृत असतात आणि वारसनोंद झालेली नसते. काही मुंबईत असतात, आणि काही बहिणी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या असतात. अशा नावांची वये काढून सरासरी केली तर आलेला आकडा कोणाचाही नसतो. शिधापत्रिका आणि मतदारयादी यांचीही तीच अडचण आहे, कारण बाहेर राहणाऱ्या मुलांची नावे गावच्या कार्डावर अनेक वर्षे तशीच राहतात.

अर्ध्या एकर भाताला किती हात लागतात, आणि ते परवडते का?

एक घर डोळ्यांसमोर धरू. आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत. आपल्या गावातील मजुरी आणि उत्पन्न घालून विद्यार्थ्याने ते बदलून पाहावेत. घरात सासू-सासरे आहेत, दोघेही पासष्टच्या पुढचे. मुलगा-सून डोंबिवलीला. भाताची जमीन वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर, सात कुणग्यांत विभागलेली.

मार्च-एप्रिलमध्ये भाजावळ होते. पालापाचोळा, गवत, शेणी पसरून तरव्याची जागा भाजतात, आणि पहिला पाऊस झाला की तेथे बी पेरतात. भाजावळ आणि पेरणी मिळून तीन दिवसांची मजुरी धरू. बांध, ज्याला सिंधुदुर्गात मेर म्हणतात, तो दुरुस्त करायला दोन दिवस. तरवा काढून लावणी करायला आठ. बेणणीला, म्हणजे तण काढायला, तीन. कापणी करून भारे खळ्यावर आणायला सहा. झोडणीला चार. एकूण सव्वीस माणूस-दिवस झाले. चारशे रुपये मजुरी धरली तर 10,400 रुपये. चिखलणीसाठी पॉवर टिलरचे भाडे दोन हजार आणि बी-खताचे दीड हजार मिळवले की खर्च 13,900 रुपयांवर जातो. उत्पन्न साडेपाच क्विंटल भात धरले आणि 2024-25 चा साधारण भाताचा 2,300 रुपये हा हमीभाव लावला तर 12,650 रुपये येतात. सगळे हात मजुरीचे असतील तर हिशेब तोट्यात जातो.

पूर्वी हा तोटा दिसत नव्हता, कारण सव्वीस दिवसांपैकी बहुतेक दिवस घरच्यांचे होते आणि घरच्या दिवसाची किंमत कोणी वहीत लिहीत नव्हते. पेंढा बैलांना जात असे, बैलांचे शेण भाजावळीला आणि शेताला येत असे. बैल गेले तेव्हा पेंढ्याची किंमत गेली, शेण गेले आणि त्याजागी टिलरचे भाडे आले. म्हणून ‘तरुण गेल्यामुळे शेती परवडेनाशी झाली’ आणि ‘शेती परवडत नाही म्हणून तरुण गेले’ ही दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. परवडणे हे घरच्या न मोजलेल्या कष्टावर उभे होते, आणि ते कष्ट करणारी माणसे घरातून कमी झाल्यावर खरा हिशेब उघडा पडला.

याच घराच्या उदाहरणात सर्वांत नाजूक आकडा आठचा आहे. तरवा साधारण 21 ते 25 दिवसांचा झाला की लावायचा असतो. तो कुणग्याबाहेर जास्त दिवस वाढत राहिला तर पुढे फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. चिखल केलेला कुणगाही वाट पाहत नाही. दोन-चार दिवस ऊन पडले की तो बसतो, घट्ट होतो आणि टिलर पुन्हा बोलवावा लागतो. चार धडधाकट माणसांनी आठ माणूस-दिवसांचे काम दोन दिवसांत उरकते. पाठ दुखणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांनी, दिवसाला निम्मेच काम होते असे धरले तर, तेच काम आठ दिवस चालते. वय वाढण्याचा परिणाम वर्षाच्या सरासरीत दिसत नाही, तो या आठवड्यात दिसतो. शरीराचा धोकाही याच दिवसांत असतो. सतत पाण्यात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि त्या जखमांतून लेप्टो या तापाच्या आजाराचा संसर्ग होण्याची भीती असते.

एका घराने भात करणे सोडले तर शेजाऱ्याला काय फरक पडतो?

हा प्रश्न सर्वांत कमी वेळा विचारला जातो. माझ्या मते निबंधाचा गाभा हाच असावा.

भातमळा हा कागदावर तुकड्यातुकड्यांचा असला तरी व्यवहारात एकसंध असतो. वरच्या कुणग्यातील पाणी मेरेला ठेवलेल्या वाटेतून खालच्या कुणग्यात उतरते. वरचा कुणगा पडला की त्याच्या मेरेकडे कोणी पाहत नाही. खेकडे बिळे करतात, पहिल्या मोठ्या पावसात मेर फुटते आणि माती-दगड खालच्या लावलेल्या भातावर येतात. किंवा उलट होते, पाणी बिळांतून भलतीकडे निघून जाते आणि खालच्याला चिखलणीला पुरत नाही. दुसऱ्याच्या मेरेची दुरुस्ती खालचा शेतकरी स्वतःच्या खर्चाने किती वर्षे करील?

मग गवत आणि झुडपे येतात. दोन-तीन पावसाळ्यांत पडलेल्या कुणग्यात रानडुकरांना दडायला जागा होते. मळा पूर्ण लावलेला असताना नुकसान कडेच्या कुणग्यांचे होत असे आणि राखण वाटून घेता येत असे. मध्येमध्ये पड राहिली की प्रत्येक लावलेला कुणगा कडेचा होतो. सत्तर वर्षांच्या माणसाने रात्री एकट्याने माळ्यावर बसून डबा वाजवावा अशी अपेक्षा मग कोणीच ठेवत नाही.

तिसरी गोष्ट सावडीची. आज तुमच्या लावणीला आम्ही, उद्या आमच्या लावणीला तुम्ही, अशी ही हातांची फेड असते. काही भागांत तिला पैरा म्हणतात. सावड चालण्यासाठी सर्वांचे हात साधारण सारखे चालावे लागतात. ज्या घरात दोन वृद्धच आहेत ते घर चार माणसांचा दिवस घेते पण तितका परत करू शकत नाही. कोणी तोंडावर बोलत नाही, पण त्या घरालाच संकोच वाटतो आणि ते सावडीतून बाहेर पडून मजूर शोधू लागते. दहा घरांची सावड चार घरांवर आली की ती संपते, आणि उरलेल्या चारांनाही मजुरीचा भार सोसवत नाही.

हिवाळ्यानंतर व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालून पाटाने पाणी आणून जेथे वायंगण भात करतात, तेथे हे आणखी लवकर घडते. बांध सर्वांनी मिळून घालायचा असतो आणि तो अर्धा घालून चालत नाही. म्हणून अनेक ठिकाणी पावसाळी भात टिकले तरी वायंगण आधी बंद पडले.

जमीन पडीक ठेवण्यापेक्षा गावातील एखाद्या होतकरू तरुणाला कसायला का देत नाहीत?

कारण कूळ लागण्याची भीती. 1948 च्या कुळकायद्याने दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला कूळ म्हणून संरक्षण दिले, आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनापासून अनेक कुळे मालक झाली. खोती रद्द होणे आणि कूळ मालक होणे या कोकणातील सामान्य शेतकऱ्याच्या आयुष्यातील मोठ्या, न्याय्य गोष्टी होत्या, आणि त्यांचे महत्त्व कमी लेखणारा निबंध लिहू नये. पण त्याच कायद्याची आठवण आज वेगळ्या रीतीने काम करते. मुंबईत राहणारा मालक, जो बहुधा स्वतःच पूर्वीच्या कुळाचा नातू असतो, आपला कुणगा कोणाला कागद करून देत नाही. दिला तर तोंडी, एका वर्षापुरता आणि शक्यतो भावकीतच.

दुसरी अडचण सामाईक सातबाऱ्याची. गावात राहिलेल्या पंचविशीतल्या मुलाला शेजारचे चार कुणगे एकत्र करून भात आणि त्यामागून कुळीथ किंवा भाजी करायची असेल, तर त्याला वीस-पंचवीस हिस्सेदारांच्या सह्या लागतात. त्या नसल्या तर पीककर्ज, विहीर किंवा पंप यांसाठीचे अर्ज पुढे सरकत नाहीत. वाटणीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली अर्ज करता येतो. पण कोणाला व्हाळाजवळचा कुणगा आणि कोणाला कातळाकडचा, यावर एकमत होईपर्यंत एखादी पिढी निघून जाते. म्हणजे शेती सोडणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही, करू पाहणाऱ्याला मात्र पंचवीस जणांची लागते. मला स्वतःला या विषयात सर्वांत अधिक खुपणारी गोष्ट ही आहे.

यंत्रांनी हातांची उणीव भरून निघत नाही का?

थोडी निघते. पॉवर टिलर आणि ग्रास कटर आता बहुतेक गावांत आहेत, आणि त्यांच्यामुळेच अनेक वृद्ध जोडपी अजून भात करू शकतात. लावणीचे यंत्र मात्र चटईसारख्या पद्धतीने वाढवलेली रोपे, सपाट आणि मोठा कुणगा आणि तेथवर जाणारी वाट मागते. डोंगरउतारावरील लहान, वेड्यावाकड्या मळ्यांत या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणे कठीण असते. टिलर चालवणाराही तरुणच असावा लागतो, आणि गावात असा एकच असेल तर लावणीच्या आठवड्यात त्याची पाळी येईपर्यंत तरवा वाढलेला असतो.

आंबा-काजूच्या बागांनी तरुणांना गावात थांबवले नाही का?

काही घरांत थांबवले. 1990-91 पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे पूर्वी नाचणी-वरी किंवा गवतासाठी असलेल्या वरकस जमिनीवर हापूस आणि काजू आले, आणि ज्यांच्याकडे पुरेशी झाडे होती त्यांच्यातील काही मुले व्यापार, कॅनिंग, वाहतूक यांत गावीच राहिली.

परंतु बागेत प्रत्यक्ष राबणारे हात पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. रत्नागिरी आणि देवगड भागांतील अनेक बागांत फवारणी, राखण, झेल्याने आंबे उतरवणे, पेट्या भरणे ही कामे नेपाळहून आलेले तरुण करतात. हंगामात ते बागेतच राहतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. म्हणून बागायतीत मालकाचे वय वाढते, पण काम करणाऱ्याचे वाढत नाही. भातात दोन्ही वये एकाच माणसाची असतात. निबंधात ‘शेतकरी’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला की हा फरक बुजतो. भातात असे बाहेरचे मजूर का येत नाहीत, याचे उत्तर वरच्या हिशेबातच आहे: हापूसच्या पेटीला मजुरी पेलवते, साडेपाच क्विंटल भाताला पेलवत नाही.

गणपतीला आणि शिमग्याला सगळे गावी येतात. मग हात कमी कसे?

कारण सणांचे पंचांग आणि भाताचे पंचांग जुळत नाही. शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा शेतात काम असले तर भाजावळीचे असते. मे महिन्यात येतात ते आंब्यांसाठी आणि लग्नांसाठी. लावणी जुलैत होते, तेव्हा मुलांच्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. गणपतीला घर भरते, पण तोवर लावणी आणि बेणणी आटोपलेली असते आणि कापणीला बहुधा वेळ असतो. चतुर्थीच्या पहाटे अंगणात दहा गाड्या उभ्या असतात आणि समोरच्या मळ्यात पडलेल्या कुणग्यांमधून गवत डोलत असते, हे दृश्य आता ओळखीचे झाले आहे. गावाशी नाते तुटलेले नाही, ते सणापुरते घट्ट आहे. आणि लावणीसाठी रजा काढणारे आता थोडेच उरले आहेत.

मुली आणि त्यांचे आईवडील शेतकरी मुलगा नाकारतात, हे खरे कारण आहे का?

हे कारण आहे, पण ते ज्या सुरात सांगितले जाते तो सूर मला पटत नाही. गावात राहिलेल्या मुलांची लग्ने अडतात ही गोष्ट खरी आहे, आणि त्यामुळे शेतीत राहू इच्छिणारा मुलगाही पंचविशीत मुंबईला निघतो. परंतु पुरुष मुंबईत असण्याच्या सर्व दशकांत कोकणातील भात बायकांनी केले आहे. ज्या आईने तीस लावण्या वाकून काढल्या आणि जिच्या नावावर एक गुंठाही नाही, ती आपल्या मुलीला त्याच चिखलात पाठवणार नसेल, तर तो तिचा अनुभवातून आलेला निवाडा आहे. मुलींना दोष देणारे उत्तर लिहिण्याआधी जमीन कोणाच्या नावावर आहे आणि लावणीत कोण आहे, हे दोन रकाने शेजारी मांडून पाहावेत.

चाकरमानी निवृत्त होऊन परत येतात. मग शेतीचे वाढते वय ही चिंतेची बाब आहे का?

हा निबंधातील सर्वांत कसोटीचा प्रश्न आहे. मळ्यात साठीपुढची माणसे दिसतात याचे दोन अगदी निरनिराळे अर्थ होऊ शकतात. पहिला असा की येथे शेती हे आयुष्याच्या उत्तरार्धातले काम आहे: माणूस विशीत जातो, साठीत येतो, वडिलांचे कुणगे हाती घेतो, आणि तो थकेपर्यंत पुढचा माणूस निवृत्त होऊन आलेला असतो. असे असेल तर शेतकऱ्यांचे वय नेहमीच जास्त दिसेल, पण मळा रिकामा होणार नाही. दुसरा अर्थ असा की ही शेवटची तुकडी आहे आणि तिच्यामागे कोणी नाही.

आज मळ्यात दिसणारी अनेक माणसे पहिल्या प्रकारची आहेत. गिरणी, गोदी, रेल्वे, महानगरपालिका यांत नोकरी केलेली, गावात बालपण गेलेली, वयाच्या बाराव्या वर्षी नांगर धरलेली. त्यांच्यापाठी काहींना पेन्शन आहे किंवा फंडाचे पैसे आहेत, आणि त्या पैशांतूनच भाताचा तोटा भरून निघतो. त्यांची मुले मात्र उपनगरात जन्मली. त्यांच्या नोकरीत पेन्शन नाही, निवृत्तीचे ठरलेले वय नाही, आणि तरवा कसा काढायचा हे त्यांच्या हातांना ठाऊक नाही. 2020 च्या टाळेबंदीत अनेक कुटुंबे गावी परतली आणि काहींनी वर्षानुवर्षे पडलेले कुणगे लावले. ते शक्य झाले, कारण सांगायला घरात एखादा वृद्ध होता. म्हणून परतण्याची साखळी पुढे टिकेलच असे धरून चालणे मला धोक्याचे वाटते.

यांपैकी कोणता अर्थ खरा आहे हे आपल्या गावात कसे तपासावे?

एक वाडी आणि एकच मळा निवडावा. तलाठ्याकडील नकाशावरून किंवा गावातील जाणत्या माणसासोबत मेरेमेरेने फिरून प्रत्येक कुणग्याला क्रमांक द्यावा. प्रत्येकासमोर यंदा तो लावला की नाही, न लावला असल्यास शेवटची लावणी कोणत्या वर्षी झाली आणि लावणीच्या दिवशी प्रत्यक्ष कोण वाकले, एवढेच लिहावे. वर्षे आठवत नसतील तर ‘थोरल्याच्या लग्नाच्या आधी’, ‘कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा’ अशा खुणांनी विचारावे; रेल्वे पूर्ण मार्गावर जानेवारी 1998 मध्ये सुरू झाली, त्यामुळे तेवढी खूण पक्की मिळते.

मग पड राहिलेल्या वर्षांचे आकडे नकाशावर भरावेत. पड वरून खाली किंवा कडेकडून आत सरकत गेलेली दिसली, तर मळा एकमेकांच्या आधाराने पडला असे म्हणता येते. विखुरलेली दिसली तर प्रत्येक घराचे आपले कारण शोधावे लागते. काम करणाऱ्या प्रत्येक वृद्धाला वयासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: तुम्ही शेती हाती घेतली तेव्हा तुमचे वय काय होते? बहुतेकांचे उत्तर अठ्ठावन्न-साठ असेल तर परतणाऱ्यांची साखळी आहे. बहुतेकांचे उत्तर वीस-बावीस असेल आणि ती मुख्यतः बायकांकडून येत असेल, तर ही न थांबता राबलेली पिढी आहे आणि तिची जागा घेणारे कोणी तयार झालेले नाही.

शेवटी मुंबईतील मुलांना फोन करावा. ‘तुम्ही परत येणार का’ असे विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. आपल्या घरच्या कुणग्यांची नावे सांगा, असे म्हणावे. कोकणात कुणग्यांना नावे असतात, आणि ज्याला ती सांगता येतात त्याने लहानपणी त्यांत काम केलेले असते. आईवडिलांनी सांगितलेली नावे आणि मुलाने सांगितलेली नावे दोन रकान्यांत शेजारी लिहावीत.